टाकीमागचं अळू

"साहेब, तुमचा फुटबॉल गेलाय."

एप्रिलमधल्या एका सकाळी आमच्या सोसायटीच्या पंपाशेजारी उकिडवा बसून प्लंबरने निकाल दिला. फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह. शेतातल्या विहिरीपासून शहरातल्या पंपघरापर्यंत मोटारीशी ज्याचा म्हणून संबंध येतो, तो हाच शब्द वापरतो. तक्रार अशी होती की रात्री दहाला खालची टाकी भरलेली असते, त्यानंतर मोटार लागत नाही, कोणी थेंबभर पाणी घेत नाही, आणि सकाळी झाकण उघडावं तर पाणी जवळजवळ वीतभर खाली गेलेलं. त्यात मोटारही रोज सकाळी हटून बसायची. बटण दाबलं की नुसती घरघरायची, पाणी उचलायची नाही. मग वॉचमनमामा तिच्या डोक्यावरची टोपी उघडून तांब्या-तांब्याने पाणी ओतायचे, तेव्हा कुठे ती वळणावर यायची.

प्लंबरला दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच दिसलं, आणि आम्हालाही ते पटलं. फूट व्हॉल्व्ह बदलला. दुसऱ्या दिवशी मोटारीने पहिल्याच फटक्यात पाणी उचललं. मामा खूश झाले. टाकी मात्र त्या रात्रीही तेवढीच उतरली. आठवड्याभराने "माल हलका निघाला" म्हणून आणखी एक फूट व्हॉल्व्ह बसला. टाकी उतरतच राहिली.

माझी उमर पाणीपुरवठ्याच्या कामात गेली आहे. खरं तर पहिल्याच दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं. मोटार पाणी सोडते हे एक दुखणं आणि टाकी उतरते हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी झाली म्हणून ती सख्खी ठरत नाहीत. शहरांत हजारो सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या अंगणात अशा टाक्या आहेत, आणि टाकी उतरली की पहिला हात फूट व्हॉल्व्हवरच पडतो. म्हणून हा हिशेब जरा सविस्तर मांडतो.

फूट व्हॉल्व्ह गळला तर पाणी जातं कुठे?

मोटार जमिनीवर, पाणी खाली. मोटारीतून एक पाइप टाकीत उतरतो आणि तळापासून वीत-दीड वीत वर थांबतो. त्याच्या टोकाला, पाण्यात बुडालेला, फूट व्हॉल्व्ह असतो. बाहेरून जाळी आणि आत फक्त वरच्या बाजूला उघडणारी झडप, एवढीच त्याची रचना. मोटार ओढू लागली की झडप उघडते. मोटार थांबली की पाइपात उभं असलेलं पाणी स्वतःच्याच वजनाने झडपेवर बसतं आणि ती मिटते. त्यामुळे पाइप आणि मोटार कायम भरलेली राहतात. मोटारीला हवा ओढता येत नाही, तिला पाणीच लागतं. म्हणून ही व्यवस्था.

झडपेखाली वाळूचा खडा अडकला, रबरी वायसर झिजला किंवा जोडाला गुंडाळलेल्या टेपची दोरी आत गेली, की झडप नीट मिटत नाही. पाइपातलं पाणी हळूहळू खाली सरकतं. आता प्रश्न असा, की ते सरकून जातं कुठे? त्याच टाकीत! फूट व्हॉल्व्ह टाकीतल्या पाण्यातच बुडालेला आहे. त्यातून गळलेलं पाणी टाकीबाहेर जायला वाटच नाही.

म्हणजे फूट व्हॉल्व्ह गळला तर खालच्या टाकीतलं पाणी कमी होणार नाही, झालं तर किंचित वाढेल. किती, तेही मोजता येतं. आमची टाकी आतून ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. पाणी एक सेंटिमीटर खाली-वर झालं की ६० लिटरचा फरक पडतो. वरच्या टाकीकडे जाणारा पाइप सव्वा इंची, साधारण २० मीटर उंचीचा. अशा पाइपाच्या एका मीटरमध्ये लिटरभर पाणी मावतं. म्हणजे सगळा पाइप रिकामा होऊन खाली आला तरी २० लिटर, आणि टाकीच्या पातळीत जेमतेम तीन मिलीमीटरची वाढ.

याला एक मोठा अपवाद आहे. काही इमारतींत पाणी चढवणारा पाइप वरच्या टाकीत वरून सोडलेला नसतो, तो बुडाशी जोडलेला असतो. तिथे फूट व्हॉल्व्ह गळला आणि मोटारीपुढचा नॉन रिटर्न व्हॉल्व्हही सैल असला, तर वरची अख्खी टाकी रात्रीतून खाली उतरते. पण तेव्हा खालची टाकी भरत जाते. म्हणून वरची उतरली आणि खालची चढली, तर फूट व्हॉल्व्हला धरा. खालची उतरली आणि वरची जागच्या जागी असली, तर त्याला सोडा.

आता कोणी विचारेल, मोटारीच्या बाजूने खालची टाकी कधीच रिकामी होत नाही का? होते, पण मोटार टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली बसवलेली असेल तर. तळघरातल्या पंपघरात किंवा उतारावरच्या घरांत असं असतं. तिथे पाणी स्वतःच्या दाबाने मोटारीत येतं, आणि मोटारीच्या दांड्याजवळचं सील गेलं की थेंब थेंब करत रात्रभर बाहेर पडतं. फूट व्हॉल्व्ह तिथे काहीच अडवू शकत नाही, कारण पाणी त्याला मान्य असलेल्या दिशेनेच चाललेलं असतं. पण अशी गळती डोळ्यांना दिसते. पंपघराची फरशी ओली असते.

फूट व्हॉल्व्हची वेगळी परीक्षा घ्यायची असेल तर थोडाच वेळ लागतो. मोटारीचा मेन स्विच बंद करावा, तिच्या डोक्यावरची पाणी भरायची टोपी उघडावी आणि काठोकाठ पाणी भरावं. पंधरा मिनिटांनी पाणी काठालाच असेल तर झडप धरते आहे. पाणी डोळ्यांदेखत खाली गेलं तर झडप तरी गळते किंवा टाकीतल्या पाइपाचा जोड तरी. आमचा पहिला, जुना व्हॉल्व्ह या परीक्षेत नापासच झाला असता, म्हणून तो बदलला हे चुकलं नाही. मोटारीचं दुखणं त्याने गेलं. टाकीचं दुखणं त्याचं नव्हतंच.

आधी वापर खरोखर बंद आहे ना?

टाकीला चीर आहे असं म्हणण्याआधी दोन संशयित बाजूला काढावे लागतात. दोघेही रात्रीच कामाला लागतात.

पहिला म्हणजे आपोआप चालू होणारी मोटार. वरच्या टाकीत पाणी कमी झालं की मोटार लावणारा स्वयंचलित स्विच आता बहुतेक ठिकाणी असतो. एखाद्या घरातल्या फ्लशच्या टाकीचं रबर गेलेलं असतं, कमोडमध्ये बारीक धार लागलेली असते. घरच्यांना आवाज येत नाही. वरची टाकी उतरते, पहाटे तीनला मोटार गुपचूप चालू होते, दहा मिनिटांनी बंद होते, आणि सगळे शपथेवर सांगतात की रात्री कोणी पाणी वापरलं नाही. वरची टाकी भरलेली दिसते, कारण मोटारीने ती भरलेली असते. म्हणून तपासाच्या रात्री मोटारीचा मेन स्विच बंद करून ठेवायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. बागेचा नळ, वॉचमनच्या खोलीचा नळ खालच्या टाकीवर जोडलेला असेल तर तोही बंद करायचा.

दुसरा संशयित जास्त चलाख आहे. तो म्हणजे नगरपालिकेचं पाणी टाकीत आणणारा पाइप. आपल्याकडे बहुतेक गावांत आणि शहरांत पाणी ठरावीक वेळ येतं आणि जातं. गेलं की रस्त्यातली वाहिनी रिकामी होऊ लागते. टाकीत पाणी पडताना आवाज होतो म्हणून पुष्कळजण पाइपाचं तोंड लांबवून पाण्यात बुडवतात. मग काय होतं? लहानपणी रॉकेलच्या डब्यात नळी घालून, तोंडाने ओढून रॉकेल बाटलीत उतरवलेलं ज्यांना आठवतं, त्यांना हे लगेच कळेल. रस्त्यातली वाहिनी टाकीपेक्षा खालच्या पातळीला असली आणि रिकामी होऊ लागली, की बुडालेल्या पाइपातून आपल्या टाकीतलं पाणी उलटं रस्त्याकडे निघतं. पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत ते चालूच राहतं. मग तोंडात हवा शिरते आणि ओढ तुटते.

याची ओळख अशी. पाण्याची वेळ संपली की लगेच पातळी उतरू लागते, सुरुवातीला वेगाने, आणि बरोबर पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबते. काही जातींच्या मीटरचा काटा उलटा फिरतानाही दिसतो. इलाज स्वस्त आहे. पाइपाचं तोंड भरलेल्या पातळीच्या वर आणावं, निदान पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर मध्ये मोकळं ठेवावं. तोंड बुडलेलंच ठेवायचं असेल तर भरलेल्या पातळीच्या वर पाइपाला एक बारीक भोक पाडावं. तेवढ्या हवेने ओढ तुटते. हे फक्त आपलं पाणी वाचवण्यासाठी नाही. आपल्या टाकीतलं पाणी उलटं वाहिनीत गेलं तर ते शेजाऱ्याच्या नळाला येऊ शकतं.

पट्टी, घड्याळ आणि तीन रात्री

गळती शोधायला फार मोठी उपकरणं लागत नाहीत. आम्ही एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घेतली, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि टाकीच्या झाकणाच्या चौकटीला एका ठरावीक खिळ्याशी टेकवून ती तळापर्यंत उभी सोडायची असं ठरवलं. जागा दर वेळी तीच हवी. तळ उताराचा असेल तर पट्टी दोन बोटं सरकली तरी वाचन चुकतं. ओली खूण नीट उमटावी म्हणून पट्टीच्या वरच्या भागावर कोरडा खडू घासायचा. बुडतो तेवढा भाग काळपट होतो आणि रेघ स्पष्ट दिसते.

पहिल्या रात्री मोटारीचा मेन स्विच बंद केला, बाहेरून येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह मात्र नेहमीसारखा उघडा ठेवला. रात्री दहाला पाणी १६० सेंटिमीटरवर होतं. सकाळी सहाला १४३ च्या थोडं खाली. सतरा सेंटिमीटर, म्हणजे हजार लिटरच्या वर पाणी रात्रीत गेलं. मोटार आणि फ्लशच्या टाक्या दोषमुक्त झाल्या.

दुसऱ्या रात्री पुन्हा १६० पर्यंत भरून घेतलं आणि या वेळी बाहेरचा व्हॉल्व्हही आवळला. सकाळी तेच, सतरा सेंटिमीटर. याचा अर्थ बाहेरच्या पाइपातून पाणी उलटं जात नव्हतं. उरली ती टाकी स्वतः.

इथे एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. काँक्रीटच्या पाणीसाठ्यांसाठी भारतीय मानक ३३७० आहे. त्यात जमिनीखालच्या झाकलेल्या टाकीची परीक्षा दिलेली आहे. टाकी भरून आधी सात दिवस तशीच ठेवायची, कारण कोरडं काँक्रीट आणि प्लास्टर पाणी पितं. त्यानंतरच्या सात दिवसांत पातळी एकूण ४० मिलीमीटरपेक्षा जास्त उतरली नाही, तर टाकी गळत नाही असं समजायचं. म्हणजे दिवसाला सहा मिलीमीटरपेक्षाही कमी. आमची एका रात्रीत १७४ मिलीमीटर उतरत होती. झाकलेल्या टाकीत बाष्पीभवनाचं निमित्त सांगायला जागाच नव्हती. नुकतीच धुऊन वाळवलेली टाकी पहिले काही दिवस थोडी उतरली, तर मात्र लगेच घाबरू नये. ती पाणी पीत असते.

तिसऱ्या वेळी आम्ही पातळी सकाळीच न पाहता रात्रभर दर दोन तासांनी पाहिली. मामा आणि मी आळीपाळीने जागलो. दहाला १६०, बाराला १५५.२, दोनला १५०.७, चारला १४६.५, सहाला १४२.६. नुसता एकूण फरक पाहिला असता तर जे दिसलं नसतं, ते या आकड्यांत दिसतं. पहिल्या दोन तासांत ४.८ सेंटिमीटर गेले, मग ४.५, मग ४.२, मग ३.९. उतरण्याचा वेग कमी कमी होत होता.

गळतीचं भोक जिथे असतं त्याच्या वर जितकं पाणी उभं, तितका दाब आणि तितका वेग. पाणी भोकाजवळ येत जातं तसा दाब कमी होतो. भोक तळाला असेल तर पातळी मंदावते, पण टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. भोक भिंतीत असेल तर पातळी भोकाशी येऊन थांबते. म्हणून टाकीला पूर्ण मुभा द्यायची आणि ती कुठे थांबते ते बघायचं. गळतीची उंची ती स्वतःच सांगते.

आम्ही आधीच वरची टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. आठ घरं, तीसेक माणसं, वरची टाकी ८,००० लिटरची. दोन दिवस जपून वापरा, असं सगळ्यांना सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी "गळतीसाठी आम्ही पाण्याचे हाल का काढायचे?" असं विचारलं. रात्रीला हजार लिटर म्हणजे वर्षाला किती, हे त्यांनीच मनात मोजलं आणि गप्प झाल्या. व्हॉल्व्ह बंद, मोटार बंद, आणि आम्ही वाट पाहत राहिलो. सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला, म्हणजे सुमारे चौतीस तासांनी, पाणी ११८ सेंटिमीटरवर थांबलं. दुपारीही ११८, संध्याकाळीही ११८.

एकशे अठरावर काय होतं?

टॉर्च पाडून भिंतींवरून फिरवला. ११८ च्या रेषेवर तीन भिंती कोऱ्या होत्या. मागच्या भिंतीत, बोटभर जागेत, सिमेंटचा एक गोल ठिपका दिसला. त्याच्या कडेने तांबूस डाग ओघळला होता.

आमच्या जुन्या रहिवाशांपैकी एकांना आठवलं. पूर्वी सोसायटीचा नळजोड अर्ध्या इंचाचा होता आणि मागच्या गल्लीतून यायचा. नंतर पुढच्या रस्त्यावरून एक इंची जोड मिळाला. तेव्हा जुना पाइप बाहेरून कापला, भिंतीतला तुकडा तसाच राहू दिला आणि आतल्या तोंडात सिमेंट कोंबलं. लोखंडी पाइप इतकी वर्षं भिंतीत गंजत होता. गंज फुगतो, त्याने भोवतीचं सिमेंट सैल होतं. फेब्रुवारीत टाकी धुताना जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने ती टिकली हलली असावी, कारण पातळी उतरायला लागली ती त्यानंतरच.

नुसत्या संशयावर छिन्नी चालवू नये, म्हणून रंगाची परीक्षा घेतली. टाकी ११८ च्या वर वीतभर भरली आणि पाणी तासभर अगदी स्थिर होऊ दिलं. एका काठीला बारीक नळी बांधली, नळीच्या वरच्या टोकाला सिरिंज, आणि सिरिंजमध्ये स्वयंपाकघरातला, खाण्याचा लाल रंग. झाकणातूनच काठी आत घालून नळीचं टोक त्या ठिपक्याजवळ नेलं आणि दोन थेंब सोडले. दुसरीकडे कुठे सोडला असता तर रंग जागच्या जागी ढगासारखा पसरला असता. इथे त्याची बारीक लाल दोरी झाली आणि ती ठिपक्याच्या डाव्या कडेत शिरून नाहीशी झाली. मामांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "गिळला की हो!"

मग बाहेरून, त्याच भिंतीच्या मागे, आम्ही जमीन खणली. तिथे अळूचं रान माजलं होतं. मे महिना तोंडावर आला होता, बाकीची बाग करपली होती, आणि टाकीमागचं अळू सुपाएवढी पानं घेऊन डोलत होतं. वर्षानुवर्षं अळू लावलं जातं ते मोरीच्या पाण्यावर. इथे मोरी नव्हती, नळ नव्हता. त्या पानांची आम्ही वडी केली, फतफतं केलं, आणि हे अळू कोणाच्या पाण्यावर जगतंय हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. दोन फुटांवर चिखल लागला, आणि चिखलात त्या जुन्या पाइपाचं उघडं तोंड.

बहुतेक टाक्यांत गळती अशाच ठरावीक जागी असते. भिंतीतून पाइप जिथे आरपार जातो तिथे, कारण पाइप आणि काँक्रीट कधी एकजीव होत नाहीत. तळ आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, विशेषतः गवंड्याने तिथे गोलसर वाटा नीट घेतला नसेल तर. काँक्रीट दोन दिवशी ओतलं असेल तर त्या जोडाच्या आडव्या रेषेवर. आणि टाकीशेजारी पिंपळ, उंबर किंवा रबराचं झाड असेल तर मुळांनी भिंत ढकललेली असते. उंची कळली की या चार जागांपैकी कोणती, हे शोधायला वेळ लागत नाही.

दुरुस्ती

टाकीत माणूस उतरवण्याआधी थांबायला हवं. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि त्याचा वास येत नाही. दोन्ही झाकणं उघडून, पंख्याने किंवा ब्लोअरने बराच वेळ हवा खेळवून, कमरेला दोर बांधूनच माणूस उतरावा. दोर धरणारा बाहेर हवा, आणि आतला माणूस कोसळला तर त्याने मागोमाग उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचं आणि मदत बोलवायची. अशा अपघातांत एकामागोमाग दोघं-तिघं दगावतात ती याच उडीमुळे. मोटारीची वीज मेन स्विचपासून तोडलेली असावी. आत पेट्रोलवर चालणारा पंप कधीही नेऊ नये.

आमच्या टाकीत जुना पाइप भिंतीच्या आत दोन इंच मागे कापला, भोवतीचं सैल काँक्रीट छिन्नीने खणून खाच खोल केली. खाच धुऊन ओलसर असतानाच आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटने दाबून भरली आणि आजूबाजूच्या हातभर जागेवर पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालेल असं वॉटरप्रूफिंगचं लेपण दिलं. बाहेरच्या तोंडाला आटे पाडून टोपी बसवली आणि तिच्याभोवती काँक्रीट टाकलं. नुसतं सिमेंटचं पाणी ब्रशने फासून असं भोक बंद होत नाही. ते सुकताना आक्रसतं आणि कडेने पुन्हा बारीक चीर पडते. मूळ चूकही तीच होती.

भिंतीला लांब, रुंद चीर असेल किंवा ती दर महिन्याला वाढत असेल, तर हे गवंड्याचं काम राहत नाही. तिथे जमीन खचते आहे की काय, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहावं लागतं.

ग्राउटला पुरेसं पाणी मारून ते पक्कं झाल्यावर टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली, मग भरली. आठवडाभर नेहमीसारखी वापरली, म्हणजे नवं लेपण पाणी पिऊन घेईल. मग पुन्हा मोटार बंद, व्हॉल्व्ह बंद, पट्टी आणि खडू. दोन रात्री सलग मोजलं. १६० सकाळीही १६०. पट्टीवर दिसेल एवढा फरकच नव्हता.

पावसाळ्यात गळती लपते

हे काम उन्हाळ्यात झालं हे आमचं नशीब. पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते. ती टाकीतल्या पाण्याच्या बरोबरीला आली की गळती थांबते, आणि लोक म्हणतात, "आपोआप बरं झालं." त्याहून वर आली की पाणी उलटं आत शिरतं. ज्या वाटेने मे महिन्यात हजार लिटर बाहेर गेलं, त्याच वाटेने जुलैत गटाराशेजारच्या मातीतलं पाणी प्यायच्या पाण्यात येतं. पाणी गढूळ दिसलं नाही तरीही येतं. म्हणून टाकी उन्हाळ्यात उतरते आणि पावसाळ्यात उतरत नाही, किंवा न भरता चढते, ही चीर असल्याची जवळजवळ खात्रीची खूण आहे. आणि टाकी रिकामी करून दुरुस्त करायची ती भर पावसात नाही. बाहेर पाणी तुडुंब आणि आत टाकी मोकळी असेल, तर खालून येणारा दाब तळ उचलू शकतो. प्लास्टिकच्या तयार टाक्या तर अशा वेळी जमिनीतून वर आलेल्या आहेत.

आमच्या प्लंबरला मी हा सगळा हिशेब सांगितला. तो हसला, पण चूक त्याची एकट्याची नव्हती. पंपाकडे पाहून निदान करायचं हे त्याला सगळे शिकवतात, टाकी मोजायची हे कोणी शिकवत नाही. आता तो दुसरीकडे टाकी उतरल्याची तक्रार आली की आधी विचारतो, "वरची चढली का उतरली?" त्या एका प्रश्नाने निम्मे फूट व्हॉल्व्ह वाचतात, असं तो म्हणतो.

टाकीमागचं अळू जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सुकून गेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला आम्ही ऑइलपेंटने एक ओळ लिहून ठेवली आहे, पुढच्या सचिवासाठी आणि पुढच्या प्लंबरसाठी : १ सेंमी = ६० लिटर.